३२० डॉलरचे औषध आणि २,७५० डॉलरचे औषध: महाग औषध केव्हा परवडते?

या टिपणात आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. एकाच आजारावर दोन औषधे उपलब्ध आहेत. दोन्ही काम करतात. एकाची किंमत ३२० डॉलर आहे, दुसऱ्याची २,७५०. रुग्णालयाने किंवा विमा देणाऱ्या संस्थेने महाग औषध निवडले, तर तो पैशाचा अपव्यय समजायचा की हिशेबाने घेतलेला निर्णय? १९९० च्या दशकात अमेरिकेत हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधताना जी आकडेमोड झाली ती अगदी बेरीज-भागाकाराची आहे. तेव्हा वही-पेन जवळ ठेवा. तुम्ही कोणत्याही शाखेचे असलात तरी ही आकडेमोड तुम्हाला स्वतः करून पाहता येईल.

पार्श्वभूमी: गुठळी विरघळवणारी दोन औषधे

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली की हृदयाच्या स्नायूचा तो भाग मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. गुठळी लवकर विरघळवता आली तर स्नायू वाचतो आणि माणूसही वाचतो.

१९३३ मध्ये विल्यम टिलेट या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या काही जीवाणूंच्या द्रवात रक्ताची गुठळी विरघळवण्याची शक्ती असते. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आले. झटक्याच्या रुग्णांमध्ये त्याचा उपयोग मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायला मात्र १९८६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इटलीतील ‘गिस्सी’ या चाचणीचा निष्कर्ष आला. तिच्यात सुमारे ११,८०० रुग्ण होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २१ दिवसांत शंभरी १३ दगावले, तर स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांपैकी १०.७. म्हणजे स्वस्त औषध हे काही कुचकामी औषध नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

दुसरे औषध टीपीए. हे प्रथिन आपल्या शरीरातच थोड्या प्रमाणात तयार होते. जेनेन्टेक या कंपनीने जनुकतंत्राच्या मदतीने ते कारखान्यात बनवले आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झटक्यावरील उपचारासाठी त्याला परवानगी दिली. ते बनवणे खर्चिक होते आणि विक्रीची किंमत त्याहूनही बरीच वर ठेवलेली होती.

आता रुग्णालयांची पंचाईत झाली. औषध नवे होते, पण ते जुन्यापेक्षा चांगले होते का? १९९० मध्ये ‘गिस्सी-२’ आणि १९९२ मध्ये ‘आयसिस-३’ या दोन प्रचंड चाचण्यांचे निष्कर्ष आले. ‘आयसिस-३’मध्ये एकट्यात ४० हजारांहून जास्त रुग्ण होते. दोन्ही चाचण्यांनी सांगितले की मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. फरकच नसेल तर आठपट पैसे कशाला मोजायचे? त्या घडीला उत्तर सरळ होते: स्वस्त औषध घ्या.

पण टीपीएच्या बाजूच्या संशोधकांचा एक आक्षेप होता. या चाचण्यांत औषध तीन-चार तासांत सावकाश दिले गेले होते आणि पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून द्यायचे हेपारिन उशिरा व त्वचेखाली टोचले गेले होते. हेच औषध दीड तासात, आणि हेपारिन थेट शिरेतून दिले तर? हे तपासण्यासाठी ‘गुस्टो’ ही चाचणी झाली. तिच्यात १५ देशांतील १,०८१ रुग्णालये आणि ४१,०२१ रुग्ण होते. सप्टेंबर १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत स्ट्रेप्टोकायनेजच्या गटांत शंभरी ७.३ रुग्ण दगावले, तर वेगाने टीपीए दिलेल्या गटात ६.३.

‘१४ टक्के’ आणि ‘शंभरात एक’

हाच निष्कर्ष दोन तऱ्हांनी सांगता येतो. ७.३ वरून ६.३ म्हणजे मृत्यूचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. हे ऐकायला भारदस्त वाटते. किंवा असे म्हणता येईल की शंभर रुग्णांना महाग औषध दिले तर एक जास्तीचा रुग्ण वाचतो. उरलेल्या ९९ जणांचे, वाचणे असो वा दगावणे, दोन्ही औषधांनी सारखेच झाले असते. दोन्ही विधाने खरी आहेत. पण पैशाचा हिशेब नेहमी दुसऱ्या विधानावर करायचा असतो, कारण औषधाचे पैसे शंभरही जणांसाठी मोजावे लागतात. जाहिरातीत बहुधा पहिला आकडा असतो. तो वाचला की लगेच विचारा: मुळात किती होते आणि आता किती आहे?

टीपीएची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण हजारी सुमारे दोनने वाढले. म्हणून संशोधकांनी मृत्यू आणि अपंगत्व आणणारा पक्षाघात यांची एकत्र मोजणी केली. ती ७.८ विरुद्ध ६.९ टक्के आली. म्हणजे ही वजावट करूनही हजारी नऊ जणांचा फायदा उरला.

हिशेब करू या

डॅनियल मार्क आणि ड्यूक विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी गुस्टोमधील अमेरिकन रुग्णांचा वर्षभराचा खर्च मोजला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांची रीत पायरी-पायरीने पाहू.

पहिली पायरी, वाढीव खर्च. स्ट्रेप्टोकायनेज ३२० डॉलर, टीपीए २,७५० डॉलर. औषधातला फरक झाला २,४३० डॉलर. पण हिशेब इथे थांबवला तर चुकतो. रुग्णालयातील मुक्काम, तपासण्या, शस्त्रक्रिया, पुन्हा भरती होणे, हे सगळे धरले पाहिजे. औषध सोडून वर्षभराचा खर्च स्ट्रेप्टोकायनेजच्या गटात दर रुग्णामागे २४,५७५ डॉलर आणि टीपीएच्या गटात २४,९९० डॉलर आला, म्हणजे ४१५ जास्त. एकूण वाढीव खर्च २,४३० अधिक ४१५, म्हणजे २,८४५ डॉलर. याचा अर्थ नीट बघा: महाग औषधाने इतर खर्चात काहीही बचत केली नाही. त्याची किंमत ‘वसूल’ होत नव्हती.

दुसरी पायरी, वाढीव लाभ. वर्षाअखेर टीपीएच्या गटात हजारामागे ११ माणसे जास्त जिवंत होती. २,८४५ ला ०.०११ ने भागले तर एका वाचलेल्या माणसामागे सुमारे २ लाख ५९ हजार डॉलर येतात. पण वाचलेला माणूस एक वर्ष जगतो की वीस वर्षे, हे या आकड्यात दिसत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ ‘वाचलेली वर्षे’ मोजतात.

तिसरी पायरी, पुढच्या वर्षांचे आजचे मोल. आज खर्च केलेले शंभर रुपये आणि दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये यांना आपण सारखे मोल देत नाही. खर्च आज होतो, आयुष्य पुढे मिळते. म्हणून पुढच्या खर्चाला आणि लाभाला दरवर्षी ५ टक्के सूट लावली गेली. या दराने दहा वर्षांनंतरचे एक वर्ष आजच्या ०.६१ वर्षाइतके धरले जाते. ही रीत सर्वांना पटतेच असे नाही, पण ती लावली की नाही आणि दर किती धरला हे प्रत्येक अभ्यासात तपासून पाहा.

चौथी पायरी, भागाकार. वाढीव खर्चाला वाढीव वर्षांनी भागल्यावर उत्तर आले: वाचलेल्या एका वर्षामागे ३२,६७८ डॉलर. उलटा भागाकार करून पाहा. २,८४५ भागिले ३२,६७८ म्हणजे ०.०८७ वर्ष. दर रुग्णामागे सरासरी फक्त बत्तीस दिवस! एवढ्यासाठी तीन हजार डॉलर? पण ही सरासरी फसवी आहे. कोणालाच बत्तीस दिवस मिळत नाहीत. हजारातल्या ११ जणांना सूट धरूनही प्रत्येकी सुमारे आठ वर्षे मिळतात आणि ९८९ जणांना काहीच मिळत नाही. ते ११ कोण, हे मात्र औषध देताना कोणालाही माहीत नसते.

एक नेहमीची चूक

माझ्या अनुभवात विद्यार्थी या जागी हमखास एक चूक करतात. ते टीपीएच्या गटाचा सगळा खर्च घेतात, २७,७४० डॉलर, आणि त्याला त्या रुग्णांच्या पुढच्या अपेक्षित आयुष्याने, म्हणजे सुमारे १५ वर्षांनी भागतात. उत्तर येते वर्षाला सुमारे १,८०० डॉलर. ‘अरे, हे तर स्वस्तच आहे!’

चूक कुठे झाली? ती पंधरा वर्षे बहुतांशी स्वस्त औषधानेही मिळालीच असती. महाग औषधाच्या खात्यावर तेवढेच जमा करायचे जे त्याने जादा दिले. मधली गाडी सोडून महाग गाडी घेणारा माणूस ‘हिने मला पुण्याला पोचवले’ असे म्हणू शकत नाही. पुण्याला स्वस्त गाडीही पोचवतच होती. प्रश्न असा की जास्तीच्या पैशांत जास्तीचे काय मिळाले? म्हणून खर्च-परिणामकारकतेचा कोणताही आकडा दिसला की पहिला प्रश्न हा विचारायचा: कशाच्या तुलनेत?

३२,६७८ हा आकडा जास्त की कमी?

भागाकार तुम्हाला किंमत सांगतो. ती द्यावी की नाही हे सांगत नाही. अमेरिकेत त्या काळी एका वर्षामागे ५०,००० डॉलर ही सीमा रुळली होती. ती कोणत्याही नियमातून आलेली नव्हती. १९७२ च्या कायद्याने तिथले सरकार मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या डायलिसिसचा खर्च उचलू लागले होते. डायलिसिसला आपण पैसे देतोच, मग तेवढ्याच किंवा कमी खर्चात आयुष्य देणाऱ्या दुसऱ्या उपचाराला का नाही, असा तो युक्तिवाद होता. या मापाने टीपीए बसत होते.

पण सरासरीच्या आत डोकावले की चित्र बदलते. हृदयाच्या पुढच्या भागाला झटका आलेल्या वृद्ध रुग्णांत एका वर्षाची किंमत सुमारे १३ हजार डॉलर निघाली. चाळीस वर्षांच्या आतील, खालच्या भागाला झटका आलेल्या रुग्णांत ती २ लाख डॉलरच्या वर गेली. हे उलटे वाटते ना? तरुणापुढे तर जास्त आयुष्य असते! कारण असे की अशा तरुण रुग्णाचा मृत्यूचा धोका मुळातच इतका कमी असतो की स्वस्त औषधानेही तो बहुधा वाचतो. महाग औषधाला जादा वाचवायला कोणी उरतच नाही. म्हणून ‘हे औषध परवडते का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या रुग्णासाठी’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि भागाकारात छेद लहान असला की काय होते ते तुम्हाला माहीत आहे. इथला छेद सगळा त्या ‘शंभरात एक’ वर टेकलेला आहे. गुस्टोमध्ये कोणाला कोणते औषध दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, त्यामुळे इतर काळजी घेण्यात नकळत फरक पडला असेल अशी शंका घेतली गेली. आधीच्या दोन चाचण्या तर फरक नाही असेच सांगत होत्या. लाभ निम्मा धरला तर एका वर्षाची किंमत दुप्पट होऊन ६५ हजारांवर जाते. लाभ शून्य धरला तर भागाकारच करता येत नाही. म्हणून चांगल्या अभ्यासात एकच उत्तर नसते. आकडे थोडे हलवले तर उत्तर किती हलते, हेही त्यात दाखवलेले असते. ते दाखवलेले नसेल तर त्या अभ्यासावर फार विसंबू नका.

महाग औषध, पण एकूण खर्च कमी

टीपीएची गोष्ट ही ‘जास्त पैसे द्या, जास्त आयुष्य घ्या’ अशी होती. महाग औषध निवडण्याचे दुसरे कारण वेगळे आहे आणि रुग्णालयाच्या हिशेबनीसाला ते जास्त पटते.

झटका येण्याच्या बेतात असलेल्या, छातीत वारंवार दुखणाऱ्या रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून पूर्वापार हेपारिन देत. ते स्वस्त होते, पण सलाइनसारखे सतत शिरेतून सोडावे लागे आणि मात्रा बरोबर आहे ना हे पाहायला वारंवार रक्त तपासावे लागे. एनॉक्सापरिन हे त्याचेच सुधारित रूप. ते दिवसातून दोनदा त्वचेखाली टोचले की झाले, आणि नेहमीच्या रक्त तपासणीची गरज नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एसेन्स’ चाचणीत ३,१७१ रुग्ण होते. चौदा दिवसांत मृत्यू, झटका किंवा पुन्हा छातीत दुखणे यांचे प्रमाण हेपारिनने १९.८ टक्के, तर एनॉक्सापरिनने १६.६ टक्के राहिले.

डॅनियल मार्क यांच्याच गटाने अमेरिकन रुग्णांचा खर्च मोजला. औषधाला हेपारिनचे ८० डॉलर, एनॉक्सापरिनचे १५५. म्हणजे जवळपास दुप्पट. पण हृदयाच्या धमन्यांची तपासणी आणि फुगा घालून धमनी उघडण्याची प्रक्रिया कमी रुग्णांना लागली. महिनाभराचा एकूण खर्च दर रुग्णामागे सुमारे १,१७२ डॉलरने कमी आला. इथे भागाकाराची गरजच उरत नाही. परिणाम चांगला आणि एकूण खर्च कमी. फक्त बाटलीवरची किंमत जास्त. औषधभांडाराचा प्रमुख केवळ स्वतःच्या खात्याचा खर्च बघत असेल तर तो ७५ डॉलर वाचवण्यासाठी रुग्णालयाचे हजारावर डॉलर घालवील.

पैसे कोणाचे, फायदा कोणाचा

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. १९८३ पासून अमेरिकेतील ज्येष्ठांची सरकारी विमा योजना रुग्णालयांना आजाराच्या प्रकारानुसार ठरावीक रक्कम देऊ लागली होती. औषध कोणतेही वापरा, रक्कम तीच. अशा रुग्णालयाला एनॉक्सापरिन सरळ फायद्याचे आहे, कारण वाचलेले पैसे त्याच्याकडेच राहतात. टीपीए मात्र त्याला खड्ड्यात घालते: जादाचे पैसे रुग्णालयाच्या खिशातून जातात आणि वाचलेली वर्षे मिळतात रुग्णाला. विमा देणाऱ्याला जर तो रुग्ण पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाईल असे वाटत असेल, तर आठ वर्षांच्या आयुष्याचा लाभ त्याच्या वहीत कुठेच उमटत नाही. आकडे तेच, पण वही कोणाची यावर उत्तर बदलते. तरीही टीपीए वापरणारी रुग्णालये होती. ती पैसे वाचवत नव्हती. रुग्णाला मिळणारी वर्षे त्या किमतीला योग्य आहेत, असे ती ठरवत होती. हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि ‘आम्हाला परवडते’ असे कोणी म्हटले तर यांपैकी काय म्हणायचे आहे ते विचारले पाहिजे.

देश बदलला तरीही उत्तर बदलते. १९९५ मध्ये भारतात सरासरी माणसाचे वर्षाचे उत्पन्न ३२ हजार डॉलरच्या आसपासही नव्हते. तेवढ्या पैशांत इथे स्ट्रेप्टोकायनेज न मिळालेल्या शंभर रुग्णांना ते देता आले असते. ३२,६७८ ला ३२० ने भागून पाहा. ‘गिस्सी’च्या आकड्यांनी त्या शंभरांत दोनाहून अधिक माणसे वाचली असती. म्हणून भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत स्ट्रेप्टोकायनेज असणे हा मागासलेपणा नाही. तो याच भागाकाराचा, वेगळ्या खिशासाठी काढलेला निष्कर्ष आहे. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेने ते देशात बनवण्याचे तंत्र विकसित केले, त्यामागेही हीच गरज होती. २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य तंत्रज्ञानाचे असे मूल्यमापन करणारी यंत्रणा उभी केली. आता हे हिशेब भारतीय किमती आणि भारतीय रुग्ण धरून केले जातात.

शेवटी एक गणित स्वतः सोडवा. टीपीएची किंमत निम्मी, म्हणजे १,३७५ डॉलर झाली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर वाचलेल्या एका वर्षाची किंमत किती येईल? वाढीव खर्च १,०५५ अधिक ४१५, म्हणजे १,४७० डॉलर. त्याला ०.०८७ ने भागा. उत्तर सुमारे १६,९०० येते. औषध तेच, रुग्ण तेच, वाचणारी ११ माणसेही तीच. ‘महाग’ हा औषधाचा गुणधर्म नाही हे आता तुमच्या लक्षात आले असेल. किंमत कंपनी ठरवते, आणि ती कमी करून घेण्यासाठी वाटाघाटीला बसणाऱ्याच्या हातात हा भागाकार असणे हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग आहे.